शून्य टक्क्याच्या बॅलन्स ट्रान्सफरमध्ये माझे ७,६४० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे हिशोब मी गेली अकरा वर्षं बघतो. जीएसटी भरणं, पार्टीची बिलं जुळवणं हे माझं रोजचं काम. म्हणून हे लिहिताना लाज वाटते. पण गप्प बसलो तर माझ्यासारखाच आणखी कुणी अडकेल, म्हणून लिहितोय.

वडिलांच्या ऑपरेशनमुळे जुन्या क्रेडिट कार्डावर ८०,००० रुपये थकले होते. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. महिन्याला ३,३०४ रुपये नुसते व्याजापायी जात होते आणि मुद्दल जागचं हलत नव्हतं. जूनच्या सुरुवातीला दुसऱ्या एका बँकेच्या कार्डाचा फोन आला. हे कार्ड माझ्याकडे आधीपासून नुसतं पडून होतं. "सर, तुमची बाकी आमच्याकडे वळवा, ९० दिवस शून्य टक्के व्याज. प्रोसेसिंग फी फक्त दोन टक्के."

मी कागदावर आकडेमोड केली. फी १,६०० आणि तिच्यावर जीएसटी २८८, एकूण १,८८८ रुपये. तिकडं तीन महिन्यांत व्याजाचेच ९,९१२ जाणार होते. या हिशोबात चूक नव्हती आणि आजही नाही. (शून्य टक्के हा शब्द मात्र खोटा आहे. ८० हजारांवर तीन महिन्यांसाठी १,८८८ म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेनऊ टक्के. तरी ते जुन्या कार्डाच्या वर्षाला बेचाळीस टक्क्यांपेक्षा बरंच.) चूक झाली ती पुढं.

फोनवरच्या बाईला मी स्पष्ट विचारलं होतं, "मुलीची शाळा सुरू होतेय. या कार्डावर खरेदी केली तर चालेल ना?" ती म्हणाली, "बिनधास्त करा सर, कार्डावर पन्नास दिवस फ्री असतातच." हा क्षण मला अजून झोपू देत नाही. मी तिथंच थांबायला हवं होतं. फुकटचे पन्नास दिवस मिळतात ते आधीचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच, हे मला माहीत होतं. मागची बाकी राहिली की ही मुदत जाते, असं कार्डाच्या अटींमध्ये लिहिणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. पण वळवलेले ८० हजार हीसुद्धा 'बाकी'च धरली जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं ते कर्ज वेगळं, खरेदी वेगळी.

१२ जूनला शाळेची फी, पुस्तकं, दप्तर, रेनकोट मिळून २४,००० रुपये त्या कार्डावर घातले. बिल आलं, आणि ८ जुलैला मी बरोबर २४,००० भरले. खरेदी फिटली, आता फक्त शून्य टक्केवाले ८० हजार राहिले, असं समजून मी निर्धास्त झालो.

प्रत्यक्षात त्या २४ हजारांतून पहिल्यांदा १,८८८ फी वळती झाली आणि उरलेले २२,११२ वळवलेल्या रकमेत जमा झाले. खरेदीतला एक रुपयासुद्धा फिटला नाही. भरलेले पैसे कशात आधी जमा होतात याचा प्रत्येक कार्डाचा ठरलेला क्रम असतो आणि माझ्या कार्डाच्या अटींत वळवलेली बाकी खरेदीच्या आधी होती. म्हणजे ज्या रकमेवर व्याज शून्य, ती माझ्याच पैशानं कमी होत गेली, आणि साडेतीन टक्केवाली खरेदी १२ जूनपासून तशीच शिजत राहिली. हा क्रम अटींच्या कागदात शोधून वाचा. सापडला नाही तर त्या कार्डावर ऑफर संपेपर्यंत चहासुद्धा घेऊ नका.

२० जुलैच्या बिलात व्याज १,०४९ आणि जीएसटी १८९ अशा दोन ओळी होत्या. मी त्या पाहिल्या. वर्कशॉपमध्ये बसून, मोबाईलवर, मार्चचा ताळेबंद ऑडिटरला द्यायच्या गडबडीत. एकूण रक्कम माझ्या अंदाजाच्या जवळपास होती, म्हणून जुन्या व्याजाचं काहीतरी असेल असं वाटून पुढं सरकलो. शून्य टक्के असताना व्याजाची ओळ कशी, हा एक प्रश्न त्या दिवशी विचारला असता तर निम्मं नुकसान वाचलं असतं.

दुसरा फटका तारखेचा. पैसे जुन्या कार्डात ११ जूनला पोचले, पहिलं बिल २० जूनला आलं. फोनवर सांगितलं होतं, "तीन महिन्यांनंतरच्या बिलावर भरा." म्हणून मी बिलं मोजली. बँकेनं मात्र ९० दिवस मोजले ते मंजुरीच्या दिवसापासून, ४ जूनपासून. म्हणजे मुदत २ सप्टेंबरलाच संपली. माझी ६० हजारांची भिशी सप्टेंबरअखेर लागणार होती, त्यावर मी सगळा बेत बांधला होता. ऑगस्टमध्ये २०,००० भरले, सप्टेंबरमध्ये किमान रक्कम ३,२५० भरली आणि ९ ऑक्टोबरला सगळं चुकतं केलं. वळवलेल्या रकमेतल्या उरलेल्या सुमारे ३९ हजारांवर ३ सप्टेंबरपासूनचं व्याज जीएसटीसह १,८७४ लागलं. खरेदीच्या २४ हजारांवर ११९ दिवसांचं ३,८७८. फी धरून एकूण ७,६४०. द्यायचे होते १,८८८.

शेवटची तारीख फोनवर मागू नका, मेसेज किंवा मेलमध्ये तारीख लिहून मागा. "तीन महिने" हे उत्तर घेऊच नका.

आता तक्रारीचं ऐका. स्टेशन रोडवरच्या शाखेत गेलो, तिथला साहेब मान वर न करता म्हणाला, "कार्डाचं आमच्याकडं काही नसतं, कस्टमर केअरला फोन करा." कस्टमर केअरवर चार वेळा मिळून दीड तास गेला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. जूनमधल्या ऑफरच्या कॉलचं रेकॉर्डिंग मागितलं तर "ते ग्राहकाला देता येत नाही". मी ऑफरला तोंडी होकार दिला त्याचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडं पुरावा म्हणून आहे, आणि त्याच कॉलमध्ये त्यांच्या बाईनं "बिनधास्त करा" म्हटलं ते मला ऐकायला मिळत नाही! पोलिसांकडं विचारलं, तर "ओटीपी तुम्हीच दिलाय, ही फसवणूक बसत नाही." मग कशात बसते, ते कुणी सांगत नाही. बँकेत तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला १२ ऑक्टोबरला मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं, सगळं अटींनुसार आहे. अटींचं बावीस पानी पत्रक मला मेलवर आलं होतं, हे खरं आहे. ते पैसे वळवून झाल्यावर तीन दिवसांनी आलं, हेही तितकंच खरं आहे.

बँकेनं तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, cms.rbi.org.in वर. त्यासाठी बँकेकडची तक्रार लेखी आणि तारखेसह लागते, फोनवरची भांडणं उपयोगाची नाहीत. मी १४ नोव्हेंबरला तक्रार घातली. त्यात बिलं, भरण्याच्या पावत्या आणि उशिरा आलेल्या पत्रकाची तारीख जोडली. मागणी दोनच: कॉलचं रेकॉर्डिंग काढा आणि ५,७५२ रुपये परत द्या. कार्ड मी त्याच आठवड्यात बंद करायला सांगितलं. बाकी शिल्लक नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करावंच लागतं, तरी मला तीनदा "सर, यापेक्षा चांगली ऑफर देतो" असा फोन आला. तिसऱ्या वेळी बायकोनं फोन हातातून घेऊन विचारलं, "भरलेले पैसे आधी कशात जमा होतात, तेवढं सांगा." पलीकडच्या मुलाला ते सांगता आलं नाही.