बिल अर्धं करणारा टायमर: आमच्याकडे दाखवलेली युक्ती

पाण्याची टाकी आणि तिच्यात बसवलेला इमर्शन हीटर (बादलीत सोडायचा रॉड नव्हे, टाकीच्या आत कायमचा बसवलेला) ज्यांच्या घरात आहे, त्यांच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर एक माणूस येतो. नाव वेगळं असेल, डबी वेगळ्या रंगाची असेल, पण बोलणं हेच असतं. हीटर सतत थोडा थोडा चालू ठेवला तर वीज कमी लागते, थंड पाणी एकदम तापवलं तर जास्त लागते. आमचं यंत्र दर तासाला पंधरा मिनिटं हीटर चालवतं, बिल निम्म्यावर येतं. वर दाखला गाडीचा: सारखी थांबवून सुरू केली की पेट्रोल जास्त खाते ना, तसंच.

आमच्याकडे त्याने नुसतं सांगितलं नाही, मीटरवर करून दाखवलं. ते प्रात्यक्षिक कसं रचलं होतं, हे नीट लिहितो.

आल्या आल्या त्याने गरम पाण्याचे नळ सोडायला लावले. कारण काय, तर टाकीतला गाळ निघून जाऊ दे. पाणी गार येईपर्यंत सोडलं. मग हीटर चालू केला आणि तासभर मीटर बघितलं. हीटर ३ किलोवॉटचा, तासाला बरोबर ३ युनिट. त्याने आकडा कागदावर लिहून माझी सही घेतली. ‘हीटर असाच चालू राहू द्या, मी शेजारचं एक काम आटोपून येतो,’ म्हणून गेला. बऱ्याच वेळाने परत आला, जुना टायमर काढून आपली डबी लावली आणि पुन्हा तासभर मीटर. या वेळी पाव युनिटही नाही. कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी, खाली ठळक ‘बचत’.

पहिल्या तासात टाकी गार होती. दुसऱ्या तासात ती काठोकाठ गरम होती, थर्मोस्टॅटनेच हीटर बंद केला होता. डबीच्या जागी आगपेटी बसवली असती तरी तोच आकडा आला असता.

गणित अवघड नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला किती ऊर्जा लागते ते ठरलेलं आहे, एकदम तापवा की तुकड्यातुकड्याने. १५० लिटरची टाकी १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण पावणेनऊ युनिट, म्हणजे ३ किलोवॉटच्या हीटरला तीन तासांहून थोडा कमी वेळ. हीटर म्हणजे गाडीचं इंजिन नाही. सुरू होताना तो जादा काही खात नाही. उलट टाकी जितका जास्त वेळ गरम, तितकी उष्णता भिंतींतून बाहेर जास्त जाते. ही गळती घरी मोजता येते: घरात कोणी नसताना, नळ न उघडता, टाकी तापलेली असताना एक दिवस हीटर चालू ठेवायचा. मीटर जे दाखवेल त्यातून फ्रिज वगैरे वजा केलं की उरते ती गळती. आमची दिवसाला २ युनिटच्या आसपास निघाली.

आता आमच्या घरचा हिशेब. रोज १०० लिटर गरम पाणी वापरतो, त्याचे सुमारे ६ युनिट. गळतीचे २. एकूण ८. कोणताही टायमर त्या सहांना हात लावू शकत नाही. तो फक्त दोनातला काही भाग वाचवू शकतो. एकच दर असेल तर निम्मं बिल ही निव्वळ थाप.

आमच्या मीटरवर मात्र दोन दर आहेत, आणि खरा तोटा तिथे झाला. मध्यरात्री १२ ते सकाळी ७ स्वस्त, बाकी वेळ दुपटीहून महाग. जुना टायमर पहाटे ४ ते ७ लावलेला होता. तीन तासांत ९ युनिटपर्यंत भरण्याची सोय, लागायचे ८, सगळे स्वस्त दरात. नवी डबी दर तासाला पंधरा मिनिटं, म्हणजे तासाला पाऊण युनिट देते. सकाळी सात ते आठ आंघोळी होतात, ६० लिटर जातं. ते भरून काढायला डबीला दुपारी एक वाजतो. संध्याकाळी भांडी-आंघोळ मिळून ४० लिटर, ते भरते रात्री बाराच्या आसपास. म्हणजे स्वस्त दर सुरू होतो तेव्हा टाकी आधीच तयार! रात्रभरात फक्त गळतीपुरतं अर्धं-पाऊण युनिट लागतं. आठातले सात महाग दरात.

बिल आलं तेव्हा फोन केला. उत्तर तयार होतं: ‘यंदा थंडी फार आहे, नळाचं पाणीच गार येतंय.’ हे खरं आहे, म्हणूनच ते चालून जातं. नळाचं पाणी २० ऐवजी १० अंशांवर आलं तर तापवायला पाव हिस्सा वीज जास्त लागते. पण त्यामुळे स्वस्त खात्यातले युनिट महाग खात्यात उडी मारत नाहीत. बिलावर दोन्ही खाती वेगळी छापलेली होती, तीच वाचून दाखवली.

मग तो येऊन थर्मोस्टॅट ४५ अंशांवर करून गेला. हे सगळ्यात वाईट. बिल थोडं उतरतं, माणूस खूश होतो, पण साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. २० ते ४५ अंश ही त्याच्या आवडीची जागा. साठवलेलं पाणी ६० अंशांवरच ठेवायचं आणि भाजू नये म्हणून नळाशी गार पाणी मिसळायचं. पैसे परत मागितल्यावर त्याचा फोन लागायचा बंद झाला. सहीचा कागद त्याच्याकडेच होता.

डबी काढायला आलेल्या वायरमनने ती उघडून दाखवली. एका टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं होतं. ३ किलोवॉटचा हीटर १३ अँपिअर ओढतो, तोही तासन्‌तास. डबीतला रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, १० अँपिअरचाच होता. त्याने १६ अँपिअरचा साधा टायमर लावला.

असं कोणी तुमच्याकडे आलं तर चाचणी आपल्या पद्धतीने करायला सांगा. एक तास नको, सलग दोन पूर्ण दिवस, एक डबीशिवाय आणि एक डबीसह, पाण्याचा वापर सारखा, थर्मोस्टॅट जागचा हलवायचा नाही, आणि दोन्ही खात्यांचं मीटर ठरल्या वेळी वाचायचं. आमच्या माणसाला मी हे सुचवलं होतं, तेव्हा त्याला लगेच दुसरीकडे जायचं होतं.

आता पुन्हा ४ ते ७. बाराला सुरू करत नाही, कारण तीनला तापलेली टाकी सातपर्यंत उगाच उष्णता गमावत बसते. पाहुणे असले तर संध्याकाळी अर्धा तास हाताने चालू करतो, दीड युनिट, महाग दराने. वीज गेली की या टायमरचं घड्याळही थांबतं, त्यामुळे वीज परत आल्यावर आधी त्याची वेळ मीटरच्या वेळेशी जुळवतो. तासभर जरी मागे राहिला तरी ३ युनिट महाग खात्यात पडतात.