अनुवाद जसाच्या तसा ऐकवावा, की बोलीत उतरवून?

घरातल्या दृष्टिहीन माणसाला इंग्रजी माहितीपत्रक मराठीत हवं असतं, तेव्हा आपण अनुवाद करतो, फोनवर पाठवतो आणि काम झालं असं समजतो. फोनमधला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर पुढचं बघून घेईल! तो वाचतो हे खरं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काय लागतं ते कशाचा अनुवाद आहे यावर ठरतं. घरी बीपी मोजायच्या यंत्राची पुस्तिका घेऊ.

सरळ अनुवाद साधारण असा येतो:

«मापन घेण्यापूर्वी किमान ५ मि. विश्रांती घ्या (३० मि. आधीपासून कॅफिन/धूम्रपान/व्यायाम टाळा). कफ कोपराच्या १-२ सेमी वर, हृदयाच्या पातळीवर, नळी हाताच्या आतील बाजूस राहील अशा प्रकारे गुंडाळलेला असल्याची खात्री करा. चित्र ३ पहा.»

तेच बोलीत:

«बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नका.
सिगारेट ओढू नका. व्यायाम करू नका.
मग निदान पाच मिनिटं शांत बसा.
आता पट्टा दंडाला गुंडाळा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वर एक ते दोन सेंटिमीटर हवी, म्हणजे साधारण एक बोट.
पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला असू द्या.
नळी हाताच्या आतल्या बाजूला ठेवा.»

मजकूर वाढला, वेळही वाढला. सरळ अनुवादाला काही मिनिटं पुरतात, बोलीत उतरवायला पानाला अर्धा तास सहज जातो. त्या बदल्यात काय मिळतं?

सगळ्यात मोठा फरक क्रमाचा. डोळ्यांनी वाचणारा कंसातली अर्ध्या तासाची अट आधीच टिपतो. ऐकणारा मात्र ऐकेल तसं करत जातो; तो पाच मिनिटं बसायला लागतो आणि मग त्याला कळतं की मघाची कॉफी घ्यायला नको होती. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं. «कॅफिन, धूम्रपान, व्यायाम» ऐकताना हे करायचं की नाही ते «टाळा» येईपर्यंत कळत नाही. वाक्य लांब असेल तर तोवर सुरुवात निसटलेली असते. म्हणून प्रत्येक मनाईला आपलं वेगळं «नका» द्यावं. कागदावर ते पाल्हाळ वाटतं, कानाला वाटत नाही.

दुसरी गोष्ट चिन्हांची. कॉम्प्युटरवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये मूळ सेटिंगला तिरकी रेघ उच्चारली जाते, कंस उच्चारला जात नाही. म्हणजे «कॅफिन स्लॅश धूम्रपान» ऐकू येतं, आणि कंसातली अट मुख्य वाक्यात मिसळून जाते. `NVDA+P` दाबून चिन्हांची पातळी वाढवता येते, पण मग सगळंच बडबडायला लागतं. «१-२» ऐवजी «एक ते दोन» आणि «मि.» ऐवजी पूर्ण शब्द लिहिणं सोपं.

«चित्र ३ पहा» मात्र कुठल्याच भाषांतराने सुटत नाही. त्यासाठी यंत्र हातात घ्यावं लागतं आणि बोटांना काय लागतं ते लिहावं लागतं: सुरू करायचं बटण कुठल्या कडेला आहे, ते उंच आहे की सपाट, नळीचं भोक कुठल्या बाजूला. बटण सपाट असेल तर त्यावर उंचवट्याची टिकली चिकटवून मगच वाक्य लिहा.

बोलीत उतरवण्यातला धोकाही तितकाच खरा आहे. सोपं करण्याच्या नादात अटी गळतात. «किमान पाच मिनिटं»चं नुसतं «पाच मिनिटं» होतं. «सलग दोनदा मोजताना मध्ये एक मिनिट थांबा» यातलं थांबणं उडून जातं. म्हणून शेवटी मूळ मजकुरातले आकडे आणि «किमान», «नको», «जर» असे शब्द एकेक करून जुळवा. स्वतःच्या पदरचा सल्लाही घालू नका. मग ऐकणाऱ्याच्याच फोनवर, त्याच्याच वेगाने, स्क्रीन न बघता ऐका. काही आवाज «मिनिटं»वरचा अनुस्वार विचित्र उच्चारतात. तसं झालं तर बिनधास्त «मिनिटे» लिहा. खरी परीक्षा म्हणजे त्या व्यक्तीने फाईल ऐकत एकट्याने पट्टा बांधून बघणं. ती जिथे अडेल ते वाक्य बदला.

मग निवड कशी करायची? हाताने काही करायचं असेल, तर बोलीतच उतरवा. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर ठेवा, म्हणजे चुकलेली तेवढीच पुन्हा ऐकता येते. तुम्ही स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलंत तर ही सोय जाते. बातमी, पत्र, गोष्ट यांना सरळ अनुवाद पुरतो, फक्त तिरक्या रेघा आणि संक्षेप काढा. वर्षानुवर्षं भरधाव वेगाने ऐकणाऱ्याला तर तुमची सोपी वाक्यं रेंगाळल्यासारखी वाटतील, त्याला आधी विचारा. करारनामा किंवा बँकेच्या अटी असतील तर मूळ अनुवादाला हात लावू नका. बोलीतला गोषवारा वेगळ्या फाईलमध्ये द्या आणि «हा गोषवारा आहे, सही करण्याआधी मूळ ऐका» हे त्याचं पहिलंच वाक्य असू द्या.