टप्प्यांवर नजर ठेवावी की गृहीतकांवर? नॅनोच्या उदाहरणातून दोन नियंत्रणांची तुलना

व्यूहरचनेच्या अंमलबजावणीवरील प्रकल्पात विद्यार्थ्याला ठरवावे लागते की आपल्या कंपनीसाठी कोणते नियंत्रण सुचवायचे. पाठ्यक्रमात प्रकार अनेक असले, तरी खरी निवड बहुधा दोघांतच होते. अंमलबजावणी नियंत्रण ठरलेली कामे ठरल्या वेळी आणि ठरल्या खर्चात होत आहेत का हे टप्प्याटप्प्याने पाहते. गृहीतक नियंत्रण मात्र ज्या समजुतींवर आराखडा उभारला त्या अजून खऱ्या आहेत का, हे तपासते. टाटा नॅनोच्या वाटचालीत दोन्ही शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात.

एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले पावसात भिजत चालली आहेत, हे दृश्य नॅनोच्या मुळाशी होते. त्यातून निघालेले गृहीतक सरळ होते: गाडी पुरेशी स्वस्त झाली की हे कुटुंब दुचाकी सोडून चारचाकीकडे वळेल. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये एक लाखाची गाडी सादर झाली, तेव्हा ही किंमत गाठता येईल का यावर शंका घेणारे पुष्कळ होते. ती गाठली की ग्राहक येईल, यावर मात्र फारशी शंका कोणी घेतली नाही.

अंमलबजावणी नियंत्रणाच्या कसोटीवर कंपनी चांगलीच उतरली, असे माझे मत आहे. पश्चिम बंगालमधील सिंगूरला नॅनोचा कारखाना उभा राहत होता; तिथल्या जमिनीचा वाद विकोपाला गेल्यावर ३ ऑक्टोबर २००८ रोजी तेथून माघार जाहीर झाली आणि चारच दिवसांत गुजरातमधील साणंदचे नाव पुढे आले. तोवरच्या गाड्या पंतनगरच्या कारखान्यात बनवायचे ठरले, आणि मार्च २००९ मध्ये गाडी बाजारात उतरली. अशा संकटात टप्पा चुकला हे लगेच कळते, कारण त्याला तारीख असते आणि जबाबदार अधिकारीही असतो. अनेक टिपणांत नॅनोच्या अपयशाचे खापर सिंगूरवरच फोडलेले दिसते. उशीर आणि वाढीव खर्च खरा होता, पण पुढे साणंदला वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता उभी राहूनही मागणी का आली नाही, हे त्यातून उलगडत नाही.

ते कळण्याची एक संधी २००९ च्या नोंदण्यांमध्ये होती. दोन लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले आणि पहिल्या एक लाख गाड्या सोडतीने वाटाव्या लागल्या. टप्प्यांच्या नजरेने हा आकडा म्हणजे घवघवीत यश होते. पण नोंदण्यांची फोड पाहिली तर निम्म्या सर्वांत महाग एलएक्स प्रकारासाठी होत्या आणि सर्वांत स्वस्त मूळ गाडीसाठी जेमतेम वीस टक्के. ज्याला केवळ स्वस्त गाडी हवी तो ग्राहक सर्वांत वरचा प्रकार का मागतो, हा प्रश्न त्या वेळी गृहीतक नियंत्रणाने विचारला असता. एवढ्यावरून गृहीतक चुकले असे सिद्ध होत नाही, कारण वातानुकूलनाची हौसही त्यामागे असू शकते. तरी प्रत्यक्ष दुचाकी मोडून आलेले खरेदीदार किती, हे मोजायला सुरुवात करण्याइतका तो संकेत ठळक होता.

नोव्हेंबर २०१० मध्ये देशभर अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. महिन्याला सुमारे वीस हजार गाड्यांच्या क्षमतेपुढे ही संख्या नगण्य होती. पुढच्याच महिन्यात हमी चार वर्षांची झाली आणि कर्ज सोपे करण्यात आले. काही गाड्यांना लागलेल्या आगींमुळे विश्वास ढळला होता, त्यामुळे हे उपाय अनाठायी नव्हते आणि विक्री काही काळ सावरलीही. मात्र ते अंमलबजावणीच्या पातळीवरचे उपाय होते. ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच ग्राहकाला नकोशी वाटते, हे दुखणे त्यांनी बरे होणारे नव्हते. अशी जाहिरात ही चूक होती, असे रतन टाटांनी पुढे स्वतः मान्य केले.

गृहीतक नियंत्रण सुचवणे सोपे असले तरी चालवणे अवघड असते. गृहीतकाला देय तारीख नसते, ते कोणत्याही विभागाच्या अहवालात येत नाही, आणि ज्यांनी ते मांडले त्यांनाच ते तपासायला सांगितले तर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. शिवाय सगळीच गृहीतके तपासत बसले तर काम पुढे सरकत नाही. म्हणून ज्यांच्या चुकण्याने संपूर्ण गुंतवणूक वाया जाईल अशी दोन-तीनच निवडावीत, प्रत्येकासाठी एक मोजता येणारा आकडा ठरवावा आणि तो योजना न आखणाऱ्या माणसाकडे सोपवावा. नॅनोपुरता तो आकडा म्हणजे दर शंभर खरेदीदारांमागे दुचाकीवरून आलेले किती, एवढाच असता.

तुमच्या प्रकल्पातील कंपनी परिचित ग्राहकासाठी परिचित वस्तूचा दुसरा कारखाना उभारत असेल, तर टप्प्यांचे नियंत्रण पुरेसे आहे. तिथे जोखीम जमीन, परवाने आणि पुरवठादार यांत असते. ग्राहकच नवा असेल, तर टप्प्यांचा तक्ता ठेवाच, पण कारखान्याची पूर्ण क्षमता उभारण्याचा निर्णय गृहीतकाच्या आकड्याला बांधून ठेवा.