सरासरी अधिक ठरावीक मिनिटं, की थेट ०.९चा क्वांटाइल?

डिलिव्हरीची वेळ सांगताना सोपी युक्ती म्हणजे सरासरीचं मॉडेल घ्यायचं आणि वर सरसकट १२ मिनिटं चढवायची. समजा, दुपारच्या जवळच्या ऑर्डरची सरासरी २० मिनिटं आहे आणि दहातल्या नऊ २४ मिनिटांत पोचतात. पावसातल्या लांबच्या ऑर्डरची सरासरी ४०, पण दहातल्या नऊ पोचायला ६२ मिनिटं लागतात. आपण सांगणार ३२ आणि ५२. पहिला ग्राहक विनाकारण थांबायला नको म्हणून ऑर्डरच देत नाही, दुसरा दारात ताटकळतो.

क्वांटाइल रिग्रेशन सरासरीऐवजी थेट ही दहातल्या नऊंची वेळ, म्हणजे ०.९चा क्वांटाइल, शिकतं, कारण त्यात चुकीसाठीचा दंडच बदलतो:

```
GradientBoostingRegressor(loss="quantile", alpha=0.9)
```

इथे अंदाजापेक्षा एक मिनिट उशीर झाला तर दंड ०.९, एक मिनिट लवकर पोचलं तर ०.१. नऊपट दंड टाळायला मॉडेल वर सरकतं, आणि जिथे वेळा जास्त पसरलेल्या तिथे जास्तच सरकतं. म्हणून पुरेसा डेटा असेल तर उत्तरं २४ आणि ६२च्या आसपास येतात.

तपासणी मात्र गटागटाने करा. एकूण ९०% ऑर्डर वेळेत दिसल्या, तरी पावसातल्या ७५%च असू शकतात. एकूण आकडा ते बेमालूम झाकतो. शिवाय ०.५ आणि ०.९ची मॉडेलं वेगवेगळी शिकवली, की कधीकधी ०.९चा अंदाज ०.५च्या खाली जातो. ०.९९च्या मागे तर मी लागत नाही, तिथे शिकायला उदाहरणंच मोजकी उरतात. रायडरच्या पाळ्या आखायला मला अजूनही सरासरीच लागते, कारण बेरीज तिचीच जुळते.