फोटोतल्या नकाशावरची स्टेशनांची नावं आणि फलाटावरची पाटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही नाशिकरोडला राहतो. अण्णा, म्हणजे माझे सासरे, निफाडजवळच्या गावी असतात. मुंबईला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे जायचं असलं की आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला येतात आणि सकाळच्या पंचवटीने निघतात. मराठी ते झरझर वाचतात, पेपरातली शब्दकोडी सोडवतात, पण इंग्रजी अक्षर ओळखत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की आता कुणाला सोबत न घेता जायचं. नातेवाइकांच्या ग्रुपवर लोकलच्या नकाशाचा एक फोटो फिरत होता, सगळी नावं इंग्रजीत. मी फोनवरच्या फोटो-भाषांतराने तो मराठीत करून त्यांना दिला. तेव्हापासून आठ महिने हे साधन आम्ही सतत वापरतोय. मी दोन वेगवेगळी अ‍ॅप वापरली आणि दोष दोन्हीत सारखाच दिसला, म्हणून कुठल्याच अ‍ॅपचं नाव लिहीत नाही.

पहिल्याच फेरीत घोळ झाला. आत्यांचं घर शीवला. घरात सगळे 'सायन'च म्हणतात, अ‍ॅपनेही SION चं 'सायन' केलं. अण्णा दादरला उतरले, कल्याणच्या बाजूची धीमी लोकल पकडली आणि खिडकीतून पाट्या वाचत बसले. माटुंगा दिसलं. पुढचं सायन यायला हवं होतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोरून 'शीव' अशी अक्षरं गेली आणि गाडी सुटली. कुर्ल्याला उतरून त्यांनी मला फोन केला, "अगं, सायन आलंच नाही. शीव नावाचं कुठलंसं स्टेशन गेलं मध्ये." आवाजात घाबरलेपण नव्हतं, पण आपलं काही चुकलं असं त्यांना वाटत होतं, आणि ते मला फार लागलं. चूक त्यांची नव्हतीच. पाटी त्यांनी बरोबर वाचली होती. त्यांच्या हातात नावच दुसरं दिलं होतं.

तेव्हापासून मी यात लक्ष घातलं. अ‍ॅप नेमकं काय करतं ते कळलं की त्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही हे आपोआप कळतं. आधी ते फोटोतली अक्षरं ओळखतं. मग तो शब्द भाषांतर करण्यासारखा आहे की जशाच्या तसा लिहायचं विशेषनाम आहे, ते ठरवतं. विशेषनाम मानलं तर एकतर नेहमीचं रूप वापरतं, नाहीतर रोमन अक्षरांवरून देवनागरी तयार करतं. गोंधळ या शेवटच्या टप्प्यावर होतो, कारण रोमनमध्ये लिहिताना आपल्या नावातलं बरंच काही गळून गेलेलं असतं. L पाहून ल की ळ, T पाहून त की ट, हे त्या अक्षरात कुठेच नाही. म्हणून टिटवाळ्याचं 'तितवाला' होतं, चिंचपोकळीचं 'चिंचपोकली', आमच्या देवळालीचं 'देवलाली'. हे चालतं. असं नाव वाचलं तरी पाटी ओळखू येते, अण्णांना यात कधी अडलं नाही.

अडतं ते इंग्रजी नाव मुळातच वेगळ्या वाटेने आलेलं असतं तिथे. शीव म्हणजे गावाची वेस, हद्द. मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची म्हणून ते नाव. त्याचं इंग्रजीत SION झालं, ते इंग्रजी वळणाने वाचून 'सायन' झालं, आणि अ‍ॅप या शेवटच्या रूपावरून मराठी लिहितं. मागे जायला वाट नाही. BANDRA चं 'बांद्रा' होतं आणि पाटीवर असतं 'वांद्रे'. BYCULLA चं एकदा 'बायकुला' आलं, एकदा 'भायखळा'. PAREL चं 'परेल', पाटीवर 'परळ'. मुंबईत राहणाऱ्याला ही जोडी पाठ असते, त्यामुळे त्याला हा प्रश्न जाणवतही नाही. निफाडहून येणाऱ्या माणसाला परेल आणि परळ ओळखता येतील, पण सायन आणि शीव, बांद्रा आणि वांद्रे एकच आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार कसं?

दुसरी चूक याच्या उलटी. नाव नुसतं लिहायचं तिथे अ‍ॅप अर्थ लावतं. GRANT ROAD चं आम्हाला 'अनुदान रस्ता' मिळालं. हे नाव रॉबर्ट ग्रँट या गव्हर्नरचं, १८३५ ते १८३८ या काळातल्या. अनुदानाशी त्याचा संबंध नाही. COTTON GREEN चं 'कापूस हिरवा' झालं. मात्र या चुका लगेच पकडता येतात. स्टेशनाच्या नावात 'रस्ता', 'हिरवा', 'वर्तुळ' असा शब्द दिसला की ते नाव सोडून द्यायचं आणि मूळ इंग्रजी कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. मराठीतून इंग्रजीत करतानाही हेच होतं. माझ्या मुलाचा केरळचा रूममेट ठाण्याहून डोंबिवलीला जायला निघाला होता. डब्यातल्या मराठी पट्टीचा फोटो काढल्यावर त्याला कळव्याच्या जागी Inform, दिव्याच्या जागी Lamp आणि कोपरच्या जागी Elbow दिसलं. शब्दांचे अर्थ तिन्ही बरोबर आणि स्टेशन एकही नाही.

नकाशाच्या फोटोची स्वतःची एक अडचण आहे, ती साध्या पाटीच्या फोटोत येत नाही. नकाशात नावं तिरपी लिहिलेली असतात, लांब नावं दोन ओळींत तोडलेली असतात. दोन ओळी अ‍ॅप कधी वेगळ्या धरतं, मग 'ग्रँट' एकीकडे आणि 'रस्ता' शेजारच्या स्टेशनाला चिकटलेला. तिरपी नावं काही वेळा वाचलीच जात नाहीत. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो, बारीक अक्षरं पसरलेली असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अ‍ॅप आपली मराठी नावं मूळ नावांच्या वर चिकटवतं, मूळ नाव झाकून टाकतं. अण्णांना मी पहिल्यांदा दिला तो असाच, झाकलेला फोटो. डब्यात शेजारच्याला दाखवून विचारायचं म्हटलं तरी त्या माणसाला SION दिसणारच नव्हतं.

आता मी वेगळ्या पद्धतीने करते. फोटो पाठवणाऱ्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवते, म्हणजे दाबला जात नाही. पूर्ण नकाशा अ‍ॅपला देत नाही. जायचं स्टेशन आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन, एवढीच पट्टी कापते आणि नावं आडवी येतील अशी फिरवते. मूळ भाषा इंग्रजी, असं स्वतः निवडते, अ‍ॅपवर सोडत नाही. हे सगळं घरीच उरकते, कारण कसारा घाटात नेटवर्क जातं. मग मूळ पट्टी आणि मराठी पट्टी शेजारी ठेवून पाहते. मराठी नाव शंकास्पद वाटलं तर पट्टी थोडी मोठी करून पुन्हा चालवते. दोन वेळा दोन वेगळी नावं आली तर अ‍ॅप अंदाज करतंय हे नक्की. मात्र दोन्ही वेळा एकच नाव आलं म्हणून ते पाटीवरचं आहे असं मुळीच नाही. 'सायन' दर वेळी 'सायन'च येतं.

म्हणून शेवटचा पुरावा पाटीचाच. आपल्याकडे फलाटावरच्या पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असतात. एका पाटीचा स्पष्ट फोटो म्हणजे त्या स्टेशनापुरता कोशच. जाता-येता मी आणि मुलाने दादर ते कल्याण जमतील तेवढ्या पाट्यांचे फोटो काढून ठेवले. हे करताना एक गोष्ट सांभाळायला लागते. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरी, पण नाव दोन्हीत सारखंच लिहिलेलं असेल असं नाही. अण्णांची नजर मराठीवर जाते, म्हणून चिठ्ठीत मराठीच उतरवायचं.

एका गोष्टीत मात्र हे साधन मला खरंच उपयोगी पडलं. नाव चुकलं तरी क्रम चुकत नाही. कापलेल्या पट्टीवर दादर, माटुंगा, मग आपलं स्टेशन, मग कुर्ला हे बरोबरच येतं. त्यामुळे अण्णांसाठी आता आम्ही नावापेक्षा जागा पक्की करतो: आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं. याला मर्यादा एकच, लोकल धीमी हवी. जलद गाडी माटुंगा आणि शीव सोडून थेट कुर्ल्याला थांबते, तिथे मोजणी कामाची नाही. म्हणून फलाटावरच्या इंडिकेटरवर धीमी की जलद हे पाहायला त्यांना शिकवलं. त्यावर गाडीच्या गावाचं पूर्ण नाव असेलच असं नाही, खुणेचं अक्षर असतं. कसाऱ्याला N आणि कर्जतला S, हे कुठल्याही भाषांतरातून कळणार नाही, ते सांगूनच ठेवावं लागतं.

जुन्या नकाशाचं काय करायचं हाही प्रश्न येतो. आमच्या ग्रुपवरच्या फोटोत एल्फिन्स्टन रोड होतं. ते स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी आहे. अ‍ॅपने 'एल्फिन्स्टन' अगदी अचूक लिहिलं, आणि त्या नावाची पाटी आता फलाटावर नाही. परळचं स्टेशन मध्य रेल्वेवर, प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर, दोन्ही अगदी शेजारी, त्यामुळे परळच्या रुग्णालयात जाणाऱ्या नाशिककराला हे नाव लागतंच. नकाशा कधीचा आहे हे विचारून घ्या.

हे साधन कुणाला वापरायला सांगेन? इंग्रजी वाचता येणारं माणूस घरात असेल आणि त्याला दहा मिनिटं बसायची तयारी असेल, तर जरूर वापरा, चिठ्ठी पटकन तयार होते. नुसता फोटो करून वडीलधाऱ्यांच्या हाती देऊ नका. मी ते एकदा केलं, पुन्हा करणार नाही.

गेल्या महिन्यात अण्णा परत एकटे गेले. आदल्या रात्री मी पट्टी आणि शीवच्या पाटीचा फोटो समोर ठेवला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, वहीच्या अर्ध्या पानावर लिहून घेतलं: 'शीव (सायन तेच). धीमी गाडी. माटुंगा गेलं की उठायचं.' अकराच्या सुमारास आत्यांच्या फोनवरून फोन आला. मागून आत्यांचा आवाज येत होता, आणि अण्णा विचारत होते की वांद्र्याला जायचं झालं तर पाटीवर काय लिहिलेलं असतं.