मी कोड सांगितलाच नाही, फक्त मेसेज दाखवला

मावशीचं खातं कसं लुटलं गेलं हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "ओटीपी कुणाला सांगितला होता का?" मावशी दर वेळी ठामपणे "नाही" म्हणते. ती खोटं बोलत नाही. फोनवर कुणी कोड विचारला की ती फोन आपटते, हे मी स्वतः पाहिलंय. तरीही कोड चोरापर्यंत पोचला, आणि तो तिच्याच हातून पोचला. सावध माणूससुद्धा यात कसा अडकतो, ते कळावं म्हणून तिच्या परवानगीने हे लिहितोय.

सुरुवात एका पार्सलच्या मेसेजने झाली. पत्ता अपुरा आहे, किरकोळ शुल्क भरून दुरुस्त करा, अशी लिंक होती. मावशीला खरोखरच एक पार्सल यायचं होतं, त्यामुळे तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. पानावर तिने नाव, फोन नंबर, कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. मग पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं. कंटाळून तिने ते बंद केलं आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

अशी पानं नंतर मुद्दाम समजून घेतली, तेव्हा त्या फिरण्याचा अर्थ कळला. पलीकडचा माणूस तेवढ्या वेळात ते कार्ड स्वतःच्या फोनमधल्या मोबाइल वॉलेटमध्ये, म्हणजे कार्डाऐवजी फोन टेकवून पैसे देता येतात त्या ॲपमध्ये, भरत असतो. बँक कोड पाठवते, आणि पुढच्या क्षणी तेच पान ग्राहकाकडे तो कोड मागतं. मावशीने पान आधीच बंद केल्यामुळे त्याचा डाव अर्ध्यावर राहिला. त्याच्याकडे कार्डाची सगळी माहिती होती, फक्त कोड नव्हता. आणि तिचा फोन नंबरही होता.

थोड्या वेळाने बँकेचा एसएमएस आला. त्यात लिहिलं होतं की तुमचं कार्ड मोबाइल वॉलेटमध्ये जोडण्यासाठी अमुक कोड वापरा, आणि हा कोड कुणालाही देऊ नका. मावशी मोबाइल वॉलेट वापरत नाही. तिला शंका आली, आणि ती यायलाच हवी होती. तिने अख्खा मेसेज कॉपी केला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हे सुरक्षित आहे का?"

मी कामात होतो. मामांनी मात्र लगेच पाहिलं. त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव तपासलं, जुन्या मेसेजांशी ताडून बघितलं आणि उत्तर दिलं, "हो, बँकेचाच आहे. खरा आहे." मामांचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मेसेज खरोखरच बँकेचा होता, त्यात कुठलीही लिंक नव्हती, भाषा धड होती. खोटा मेसेज ओळखायच्या ज्या खुणा आपण एकमेकांना सांगत असतो, त्यातली एकही त्यात नव्हती. कारण तो खोटा नव्हताच.

मला हा सगळ्यात कळीचा भाग वाटतो. आपल्याला सवय लागलीय ती मेसेज खरा की खोटा हे पारखायची. पण कोडाच्या मेसेजबाबत हा प्रश्न गैरलागू आहे. चोराला खोटा मेसेज बनवायची गरजच नसते. त्याच्याकडे कार्डाची माहिती असली की तो बँकेलाच खरा मेसेज पाठवायला लावतो. तेव्हा विचारायचं असतं ते एवढंच, की आत्ता या क्षणी मी असं काही केलंय का, ज्यासाठी हा कोड यावा? याचं उत्तर ज्याचा फोन त्यालाच माहीत असतं. मामांना, मला किंवा बँकेतल्या कुणालाही ते मेसेज बघून देता येणार नाही.

तेवढ्यात मावशीला चॅटवर एका अनोळखी नंबरवरून संदेश आला. प्रोफाइलवर बँकेचं बोधचिन्ह. मजकूर साधारण असा, की तुमच्या कार्डावर संशयास्पद हालचाल दिसली आहे, काही मेसेज आला असल्यास त्यावर कोणतीही कृती करू नका, कोणी फोनवर कोड मागितला तर सांगू नका, आलेला मेसेज इथे जसाच्या तसा पाठवा, आम्ही तो सुरक्षित आहे का हे तपासून कळवतो.

या लिखाणातली चलाखी बघा. त्याने कोड मागितलाच नाही. उलट कोड सांगू नका असंच बजावलं. मावशीच्या मनात जो प्रश्न होता, नेमक्या त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायची तयारी दाखवली. तिने तोच कॉपी केलेला मेसेज तिकडे पेस्ट केला. नंतर मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, मी कोड सांगितला नाही रे, मेसेज दाखवला. तपासायला." तिच्या मनात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कोड सांगणं म्हणजे फोनवर आकडे वाचून दाखवणं, असं चित्र तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मेसेज पुढे पाठवणं, स्क्रीनशॉट देणं, "हे बघ जरा" म्हणून पेस्ट करणं, यातही तेच आकडे तसेच जातात, हे त्या चित्रात कुठेच बसत नव्हतं. बँकाही बहुतेक वेळा "सांगू नका", "देऊ नका" एवढंच छापतात. "दाखवूही नका" असं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. लिहायला हवं.

पलीकडून उत्तर आलं की मेसेज तपासला, काळजीचं कारण नाही, खातं सुरक्षित केलं आहे. मावशी निर्धास्त झाली.

पुढचं नुकसान समजायला कोड कशाचा होता हे नीट पाहावं लागतं. खरेदीसाठी येणारा कोड त्या एका व्यवहारापुरता असतो. वॉलेटमध्ये कार्ड जोडायचा कोड तसा नसतो. कार्ड वॉलेटमध्ये गेलं की त्याच्या खऱ्या क्रमांकाऐवजी त्या फोनपुरता एक पर्यायी क्रमांक तयार होतो, त्याला टोकन म्हणतात. ते तयार होताना बँक एकदा खात्री करून घेते, आणि बऱ्याचदा ती खात्री म्हणजे हा एसएमएसवरचा कोड. एकदा ते झालं की दुकानातल्या मशीनला फोन टेकवून केलेल्या खरेदीला मावशीच्या फोनवर कुठलाही कोड येत नाही. मंजुरी द्यायची ती फोन उघडणाऱ्या बोटाने किंवा चेहऱ्याने, आणि फोन चोराचा असल्यामुळे बोटही त्याचंच. म्हणजे जो कोड एकदाच वापरायचा म्हणून आपण किरकोळ समजतो, त्यातून त्याला कायमची किल्ली मिळाली.

चोराने घाई केली नाही. आधी अगदी लहान खरेदी झाली. कार्ड चालतंय का ते बघायला असावी. नंतर मोठ्या सुरू झाल्या. पैसे वजा झाल्याचे मेसेज आले, तेव्हा मावशीने कपाट उघडून पर्स बघितली. कार्ड जागेवर होतं. त्यामुळे तिला वाटलं, बँकेच्या यंत्रणेत काही गोंधळ आहे, आपोआप दुरुस्त होईल. कार्ड आपल्याजवळ आहे म्हणजे ते दुसरीकडे वापरलं जात नाही, हा समजही वॉलेटच्या काळात टिकत नाही.

शेवटी तिने मला फोन केला. आम्ही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावला आणि कार्ड बंद करून घेतलं. चॅटवरच्या "मदतनीसाने" दिलेला नंबर वापरायचा नाही, हे सांगायला नकोच. पण तिला त्यावरच आधी फोन करायचा होता, कारण तो पटकन उचलला जायचा. खऱ्या बँकेच्या रांगेत थांबावं लागतं, चोराच्या नाही.

बँकेने पहिल्यांदा सांगितलं ते असं, की कार्ड तुमच्या नोंदणीकृत नंबरवर गेलेल्या कोडाने जोडलं गेलंय, म्हणजे व्यवहार अधिकृत आहेत. मी चॅटचे स्क्रीनशॉट, पार्सलच्या लिंकचा मेसेज आणि सगळ्याच्या वेळा क्रमाने लावून लेखी तक्रार दिली. वेळा महत्त्वाच्या असतात. कोड आल्यानंतर काही मिनिटांत दुसऱ्याच फोनवर कार्ड जोडलं गेलं आणि लगेच अनोळखी ठिकाणी खरेदी सुरू झाली, हा क्रम बँकेच्या स्वतःच्या नोंदीतही दिसतो. म्हणून घाबरून चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो.

आता मेसेजबद्दल शंका आली तर घरच्यांना विचारायचंच नाही का? जरूर विचारा, पण आपल्या शब्दांत. "कार्ड वॉलेटमध्ये जोडायचा कोड आलाय, मी तर काही केलं नाही" एवढं लिहिलं की समोरच्याला सल्ला द्यायला पुरेसं असतं. आकड्यांमुळे त्या सल्ल्यात काडीची भर पडत नाही. घरच्या ग्रुपमध्येसुद्धा आकडे टाकू नयेत, कारण त्यातल्या एखाद्याचं खातं आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतं किंवा त्याचं चॅट भलत्याच संगणकावर उघडं राहिलेलं असू शकतं. स्क्रीनशॉटवर फोनमधल्या रंगीत पेनने रेघ मारणं हाही भरवशाचा उपाय नाही. काही पेनांचा रंग अर्धपारदर्शक असतो, आणि उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. चुकून टाकलाच, तर "सर्वांसाठी डिलीट" करा, पण तो कुणी पाहिला असेलच असं धरून बँकेला फोन करा. कोडाची मुदत संपली असेल म्हणून गप्प बसू नका. पलीकडचा माणूस टपून बसलेला असेल, तर त्याला काही सेकंद पुरतात.

न मागता कोड आला आणि तो कुणालाही दाखवला नाही, तर त्या कोडाने काही बिघडत नाही. पण तो आला याचाच अर्थ बहुतेक वेळा असा, की कार्डाची माहिती आधीच बाहेर गेलेली आहे. तेव्हा मेसेज पुसून निवांत होऊ नका, कार्ड बदलून घ्या. मावशीने त्याच वेळी हे केलं असतं, तर चॅटवाल्याच्या हाती काही लागलं नसतं.

कार्ड बदलण्याबद्दल एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. मावशीला नवीन क्रमांकाचं कार्ड मिळालं, आणि त्यानंतरही एक अनोळखी खरेदी झाली. फसवणूक म्हणून नोंद न होता कार्ड नुसतं बदललं गेलं, तर काही वेळा जुनं टोकन आपोआप नव्या कार्डाला जोडलं जातं. खऱ्या ग्राहकाला वॉलेट पुन्हा भरावं लागू नये म्हणून केलेली ही सोय आहे. त्यामुळे फोनवर "कार्ड बंद करा" एवढंच म्हणून भागत नाही. "या कार्डावर कोणकोणत्या फोनची टोकनं आहेत ते सांगा आणि सगळी काढून टाका" असं स्पष्ट सांगावं लागतं. आम्ही बँकेला दुसऱ्यांदा फोन केला, तेव्हा हेच वाक्य वापरलं. पलीकडच्या मुलीने यादी वाचून दाखवली. त्यात एकच फोन होता, आणि तो आमच्या घरातला नव्हता. तिने तो काढला, तक्रारीला फसवणुकीचा शेरा जोडला, आणि त्यानंतर खरेदी थांबली. आधी गेलेल्या पैशांची तक्रार अजून चालू आहे.