लेखकवार आढावा की मुद्देवार? प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी

महिला बचतगट, लघुकर्ज आणि सक्षमीकरण या विषयावरचे प्रबंध महाराष्ट्रात भरपूर आहेत. त्यांतल्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा साचा ठरलेला असतो: एका परिच्छेदात एक लेखक, मग पुढचा. हा साचा ठेवायचा की मोडायचा, हे ठरवण्यासाठी तेच अभ्यास दोन्ही पद्धतींनी लिहून पाहू.

लेखकवार:

> गोट्झ आणि सेनगुप्ता (१९९६) यांनी बांगलादेशातील महिलांच्या नावावरील कर्जांचा अभ्यास केला. अनेक कर्जांवर प्रत्यक्ष ताबा पुरुषांचा असल्याचे त्यांना आढळले. हाशमी, शुलर आणि रायली (१९९६) यांनी त्याच देशातील ग्रामीण बँक व ब्रॅक या लघुकर्ज देणाऱ्या संस्थांच्या सभासद महिलांचा अभ्यास केला. सभासदत्वामुळे सक्षमीकरण वाढते असे त्यांना आढळले. कबीर (२००१) यांनी कर्जदार महिलांच्या अनुभवांचा अभ्यास केला.

यात चूक काहीच नाही. पण एकाच देशातले, एकाच वर्षी छापलेले दोन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही, असं परीक्षकाला वाटतं.

मुद्देवार:

> लघुकर्जाने महिला सक्षम होतात का, याचे उत्तर सक्षमीकरण कशाने मोजले यावर बदलते. कर्जाच्या वापरावर ताबा कोणाचा, हे तपासणाऱ्या गोट्झ आणि सेनगुप्ता (१९९६) यांचा निष्कर्ष प्रतिकूल आहे. हिंडण्या-फिरण्याची मोकळीक, खरेदी, घरातील निर्णय अशा आठ निकषांवर मोजणाऱ्या हाशमी व सहकाऱ्यांचा (१९९६) निष्कर्ष अनुकूल आहे. कबीर (२००१) यांनी नेमक्या या विसंगतीचा मागोवा घेतला आणि कर्जदार महिलांचे स्वतःचे मूल्यमापन केंद्रस्थानी ठेवले. हैदराबादमधील बॅनर्जी व सहकाऱ्यांच्या (२०१५) प्रयोगात महिलांच्या निर्णयाधिकारात वाढ दिसली नाही. मात्र तिथे तुलना कर्जदार व बिगरकर्जदार महिलांची नसून, लघुकर्ज संस्थेने आधी शाखा उघडलेल्या आणि न उघडलेल्या वस्त्यांची होती.

दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य पाहा. ते कुठल्याच लेखकाचं नाही, आढावा लिहिणाऱ्याचं आहे. खरा फरक तिथेच आहे. शिवाय ‘माझ्या प्रश्नावलीत ताबा मोजू की निर्णय?’ हा तिसऱ्या प्रकरणातला प्रश्न इथूनच निघतो. लेखकवार मांडणीत संशोधनातली पोकळी शेवटी ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ अशा वाक्याने चिकटवावी लागते.

जुनं प्रकरण बदलायचं तर परिच्छेद कापून इकडून तिकडे चिकटवू नका. त्याने जुनी वाक्यं फक्त नव्या मथळ्यांखाली जातात. आधी सारणी करा. प्रत्येक आडव्या ओळीत एक अभ्यास आणि उभे रकाने प्रश्नांचे: कुठे, कोणाची तुलना कोणाशी, सक्षमीकरण कशाने मोजलं, काय आढळलं, काय सुटलं. मूळ लेख पुन्हा उघडूनच ती भरा, कारण जुन्या सारांशात मोजण्याची पद्धत बहुधा गाळलेली असते. मग सारणी वरून खाली, एकेक रकाना वाचा. जिथे उत्तरं फाटे फोडतात तिथे एक मुद्दा आहे. तो पूर्ण विधानात लिहा. ‘सक्षमीकरण’ हा विषय झाला. ‘उत्तर मोजमापावर बदलते’ हे विधान झालं. विधान होत नसेल तर मथळा टाकून द्या. एकच अभ्यास दोन-तीन मुद्द्यांत आला तर बिघडत नाही, उलट तसा तो यायलाच हवा.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे ‘भारतातील संशोधन’ आणि ‘परदेशातील संशोधन’ असे दोन भाग पाडणं. वरच्या उदाहरणात हैदराबाद एका भागात आणि बांगलादेश दुसऱ्यात गेला असता, म्हणजे जी तुलना करायची तीच तुटली असती. दुसरी चूक उलट टोकाची: एका विधानामागे कंसात पाच नावं कोंबायची. अशा कंसात हाशमी आणि गोट्झ सहज शेजारी बसतात आणि मतभेद गायब होतो. ‘किती अभ्यास अनुकूल, किती प्रतिकूल’ एवढीच मोजदादही टाळा; तुलनेचा गट आणि मोजमाप वेगळं असेल तर ती बेरीज निरर्थक ठरते.

मसुदा तपासायची सोपी युक्ती आहे. परिच्छेदांची पहिली वाक्यं तेवढी क्रमाने वाचा. बहुतेक लेखकाच्या नावाने सुरू होत असतील आणि परिच्छेदांची अदलाबदल करूनही अर्थ बदलत नसेल, तर मथळे काहीही असोत, ती यादीच आहे.

लेखकवार मांडणी कायम टाकाऊ नाही. टिपणवजा संदर्भसूचीसाठी तीच योग्य. हाती चार-पाचच अभ्यास असतील आणि प्रत्येक पुढचा आधीच्याला उत्तर देत असेल, तर कालक्रमाने जाणंच बरं. मार्गदर्शकांचा आग्रह ‘प्रत्येक अभ्यासाची नोंद दिसलीच पाहिजे’ असा असेल, तर केलेली सारणी परिशिष्टात जोडा आणि प्रकरण मुद्देवार ठेवा.